संस्थापकाची गोष्ट सगळीकडे एकच कशी ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टार्टअपच्या सुरुवातीच्या काळात ब्रँड म्हणजे जवळजवळ संस्थापकच असतो. वेबसाइटवर त्याची गोष्ट असते, गुंतवणूकदारांपुढे तो स्वतः उभा असतो आणि लिंक्डइनवर तोच लिहीत असतो. तरीही वर्षभरात त्या गोष्टीची चार-पाच वेगवेगळी रूपं फिरू लागतात. हे का होतं आणि त्यावर काय करायचं, याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. ते मी रचलेलं आहे, खऱ्या कुठल्या कंपनीचं नाही.

उदाहरण असं. संस्थापिका पूर्वी एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होती. एका रात्री पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेचा पंप बंद पडला, बेअरिंग गेलं होतं आणि उत्पादन अकरा तास थांबलं. आज तिची कंपनी पंपावर बसवायचा एक सेन्सर बनवते. तो कंपन मोजतो आणि त्यात बदल दिसला की कळवतो.

गोष्ट एकच ठेवायची म्हणजे सगळीकडे तेच शब्द वापरायचे का?

नाही. शब्द तेच ठेवले तर तिसऱ्या ठिकाणी वाचणारा कंटाळतो आणि संस्थापक स्वतः पाठांतर म्हटल्यासारखा बोलू लागतो. बदलू द्यायच्या नाहीत अशा गोष्टी दोनच आहेत: घडलेली तथ्यं, आणि त्या प्रसंगातून तुम्ही काढलेला अर्थ. लांबी, सुरुवात, सूर, कोणत्या तपशिलावर थांबायचं हे सगळं माध्यमाप्रमाणे बदलू द्या.

बहुतेक ठिकाणी नेमकं याच्या उलट होतं. घोषवाक्य सगळीकडे काटेकोरपणे एकच असतं, पण कंपनी कशासाठी सुरू झाली याचं उत्तर दर ठिकाणी वेगळं मिळतं. वेबसाइट म्हणते ‘यंत्रं वाचवण्यासाठी’, पिच डेक म्हणतो ‘मोठी बाजारपेठ मोकळी होती म्हणून’ आणि पॉडकास्टवर संस्थापिका सांगते की नोकरीचा कंटाळा आला होता. तिन्ही कारणं खरी असू शकतात. पण ऐकणाऱ्याला तीन वेगळी माणसं भेटतात.

मूळ गोष्ट शोधायची कशी? संस्थापकाला ती माहीतच असते ना?

त्याला आठवण असते, आणि आठवण शंभर वेळा सांगून घासलेली असते. म्हणून मी पहिल्या बैठकीत संस्थापकाला लिहायला सांगत नाही, बोलायला सांगतो. साधारण दीड तास, रेकॉर्डिंग चालू ठेवून. विचारणारा माणूस शक्यतो असा हवा की ज्याला ही गोष्ट आधी माहीत नाही. सगळ्यात उपयोगी प्रश्न साधे असतात. तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? सोबत कोण होतं? कोण काय म्हणालं? त्यानंतर लगेच काय केलं? ‘तुमचं व्हिजन काय होतं’ असं विचारलंत तर आजचं उत्तर जुन्या तारखेवर चिकटवून मिळतं.

मग सहसंस्थापकाला वेगळं बसवून हेच प्रश्न विचारायचे. दोघांना एकत्र बसवलं की एक जण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. त्यानंतर पहिला कर्मचारी आणि जमल्यास पहिला ग्राहक. आपण तुम्हाला का घेतलं, हे ग्राहक सांगतो तेव्हा बऱ्याचदा संस्थापकाने कधीच न सांगितलेलं काहीतरी हाती लागतं.

शेवटी कागद काढायचे: जुने ईमेल, फोनमधले फोटो त्यांच्या तारखांसह, नोंदणीचं प्रमाणपत्र, पहिलं बिल, कोडची पहिली नोंद. आठवण आणि कागद यांत फरक सापडला तर घाबरू नका, तो सापडायलाच हवा. आमच्या उदाहरणात संस्थापिका म्हणते की पंपाच्या प्रसंगानंतर ‘लगेच’ तिने नोकरी सोडली. राजीनाम्याचा ईमेल मात्र चौदा महिन्यांनंतरचा निघतो. तेव्हा ‘लगेच’ कापायचं, आणि त्या चौदा महिन्यांत तिने काय केलं ते विचारायचं. ती सांगते की सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याच कारखान्यातल्या तीन पंपांची कंपनं ती हाताने टिपत होती. हे ‘लगेच नोकरी सोडली’पेक्षा कितीतरी जास्त विश्वास बसेल असं आहे.

प्रसंग सापडला. आता त्यातलं नेमकं काय उचलायचं?

खरं काम इथेच आहे आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. रात्री पंप बंद पडला, अकरा तास नुकसान झालं, यात नाट्य आहे. पण पंपावर सेन्सर बसवणारी कोणतीही कंपनी हे सांगू शकेल. ही गोष्ट याच संस्थापिकेची कशामुळे होते, ते शोधायचं.

रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य येऊन जातं आणि तिथे कुणी थांबत नाही. पंप बंद पडायच्या चार दिवस आधी एक जुने फिटर तिला म्हणाले होते, “मॅडम, आवाज बदललाय.” तिने देखभालीचं रजिस्टर उघडलं. त्यात तापमान, दाब, तेलाची पातळी यांचे रकाने होते. आवाजाचा रकाना नव्हता. म्हणून तिने काहीच लिहिलं नाही, आणि पुढच्या पाळीला काहीच कळलं नाही.

हाच गाभा. अनुभवी माणसाला बिघाड आधी जाणवतो, पण जे जाणवलं ते लिहायला नोंदीत जागा नसते. यातून एक वाक्य तयार होतं: “यंत्राबद्दल माणसाला जे जाणवतं, त्याला नोंदीत जागा मिळावी म्हणून आम्ही हे बनवतो.” त्याला मी अर्थवाक्य म्हणतो. पुढे प्रत्येक माध्यमातला मजकूर या वाक्याकडे येऊन थांबला पाहिजे.

अर्थवाक्य बरोबर आहे का, हे तीन प्रश्नांनी कळतं. ते प्रसंगातून आपोआप निघतं, की ओढून आणावं लागतं? आजचं उत्पादन खरोखर तेच करतं का? आणि ते मान्य केलं तर कंपनीला एखादी गोष्ट करता येणार नाही, असं होतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात कठीण. आमच्या उदाहरणात हे वाक्य मान्य केलं की ‘आता माणसांची गरज नाही’ अशी जाहिरात करता येत नाही, कारण गोष्टीतला शहाणा माणूस फिटर आहे. एकही दार बंद न करणारं वाक्य कुठल्याही कंपनीला चालतं, आणि म्हणून ते तुमचं नसतं.

लिहून काय ठेवायचं? ब्रँड बुक करावं का?

जाडजूड ब्रँड बुक कुणी उघडत नाही. दोन पानांचं तथ्यपत्रक करा. प्रत्येक ओळीत एक तथ्य, त्याचा पुरावा आणि ते कसं म्हणायचं. उदाहरणार्थ, ‘उत्पादन अकरा तास थांबलं’, पुरावा पाळीचं रजिस्टर, म्हणायचं ‘अकरा तास’. ‘जवळजवळ दिवसभर’ नाही. ‘चार दिवस आधी’ याला कागद नाही, फक्त दोघांची आठवण आहे, म्हणून ‘काही दिवस आधी’ म्हणायचं. खाली एक छोटी यादी असू द्या: आपण काय म्हणत नाही. त्यात ‘लगेच नोकरी सोडली’ आलंच पाहिजे.

आकड्यांवर एवढा भर देण्याला कारण आहे. जेम्स डायसन यांच्या पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या गोष्टीत 5,127 नमुन्यांचा आकडा दशकानुदशकं तोच राहिला आहे. कुणी 5,126 अपयशं म्हणतं, कुणी 5,127 वा नमुना चालला म्हणतं, पण हिशेब जुळतो. ‘हजारो नमुने’ असं सैल बोलत राहिले असते तर ऐकणाऱ्याच्या लक्षात काहीच उरलं नसतं.

गोष्ट थोडी रंगवली तर काय बिघडतं? सगळेच रंगवतात.

ऑनलाइन लिलावाच्या ईबे या साइटचं उदाहरण पाहा. पिअर ओमिड्यार यांनी 1995 मध्ये ऑक्शनवेब या नावाने ती साइट सुरू केली. पुढे बरीच वर्षं अशी गोष्ट सांगितली गेली की त्यांच्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवायचा छंद होता आणि तिला देवाणघेवाण करता यावी म्हणून ही साइट निघाली. ही गोष्ट कंपनीच्या जनसंपर्क विभागातून आली होती. पत्रकारांना मुक्त बाजारपेठेच्या कल्पनेपेक्षा काहीतरी गोड हवं होतं. ती रचलेली असल्याचं 2002 मध्ये उघड झालं, आणि आज ईबेची गोष्ट निघाली की हा किस्साही सोबत निघतो.

मला यातली हळहळ वाटते ती वेगळीच. त्यांच्याकडे खरी गोष्ट होती आणि ती जास्त चांगली होती. साइटवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. ओमिड्यार यांनी खरेदीदाराला विचारलं की वस्तू मोडकी आहे हे लक्षात आलंय ना. उत्तर आलं की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. कुठल्याही वस्तूला कुठेतरी गिऱ्हाईक असतं, हा त्या व्यवसायाचा गाभा या प्रसंगात सबंध आला आहे. रंगवायचा मोह झाला की मी संस्थापकांना सांगतो, रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. खरा तपशील बहुतेक वेळा तिथेच पडलेला असतो.

एकच गोष्ट वेगवेगळ्या माध्यमांत कशी बसवायची?

आधी पूर्ण गोष्ट एकदा लिहून काढा, सातशे ते नऊशे शब्दांत. ती कदाचित कुठेच छापली जाणार नाही, पण बाकी सगळं त्यातूनच कापायचं. छोट्यातून मोठं वाढवायला गेलात की भर म्हणून विशेषणं येतात. मोठ्यातून छोटं कापलं की तपशील टिकतात.

वेबसाइटवरच्या ‘आमच्याविषयी’ पानाला अडीचशे शब्द पुरतात. तिथे रजिस्टरपासून सुरुवात करा: “रजिस्टरमध्ये तापमानाचा रकाना होता, दाबाचा होता. आवाजाचा नव्हता.” मग फिटर, मग अकरा तास, मग सुट्टीच्या दिवशी टिपलेली कंपनं आणि शेवटी अर्थवाक्य. वाचणारा स्वतःहून आलेला असतो, त्याला वेळ असतो.

पिच डेकमध्ये क्रम उलटतो. गुंतवणूकदाराला आधी प्रश्नाचा आकार हवा असतो, म्हणून अकरा तास पुढे येतात आणि फिटर एका वाक्यात उरतो: “बिघाडाची खूण चार-पाच दिवस आधी माणसाला जाणवली होती, पण ती टिपायला व्यवस्था नव्हती.” एक स्लाइड, चाळीस सेकंद. बाजारपेठेची स्लाइड त्यानंतर लावली की तीही त्याच धाग्यात बसते. (इथे ‘चार-पाच’ हा शब्द तुम्हाला खटकला का? तथ्यपत्रकात ‘काही दिवस’ आहे. गोष्ट अशीच सरकते, आणि तीही घरच्याच कागदात.)

सेल्सच्या पहिल्या बोलण्यात संस्थापिकेची गोष्ट सांगायचीच नाही, विचारायची. “तुमच्याकडे आवाज बदललाय असं कुणी म्हणालं तर ते कुठे लिहिलं जातं?” समोरचा प्लांट मॅनेजर गप्प होतो किंवा हसतो, आणि त्याची स्वतःची गोष्ट सुरू होते. मूळ गोष्टीचं हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं रूप आहे. संस्थापक नसलेल्या सेल्सवाल्याच्या तोंडीही ते खोटं वाटत नाही, कारण तो दुसऱ्याची आठवण स्वतःची म्हणून सांगत नसतो.

नोकरीच्या जाहिरातीत चौदा महिने पुढे आणा. तीन पंपांची कंपनं हाताने टिपणाऱ्या माणसाबरोबर काम कसं असेल, हे उमेदवाराला त्यातून कळतं. प्रेस नोटच्या तळाच्या कंपनी-परिचयाला साठ शब्द पुरतात. त्यात प्रसंग एका वाक्यात असावा आणि विशेषण एकही नसावं.

लिंक्डइनवर संस्थापिकेने पूर्ण गोष्ट वर्षातून एक-दोनदाच सांगावी. बाकीच्या पोस्टमध्ये अर्थवाक्याला आजचा पुरावा द्यावा: या महिन्यात कुठल्या ग्राहकाकडे कोणाला काय जाणवलं आणि नोंदीत काय दिसलं. दर आठवड्याला तीच रात्र आणि तोच पंप सांगत राहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, त्यानंतर या कंपनीत काही घडलेलंच नाही.

सगळं ठरवूनही गोष्ट सरकत जाते. ते कसं ओळखायचं?

सरकण्याच्या दिशा ठरलेल्या असतात. आकडे वाढतात, काळ आकुंचन पावतो आणि सोबतची माणसं गळतात. आमच्या उदाहरणात पाचव्या मुलाखतीपर्यंत अकरा तासांचे ‘दोन दिवस’ होतात. आठव्या मुलाखतीत संस्थापिका म्हणते, “मला आवाज बदललेला जाणवला होता.” फिटर गोष्टीतून गळले. तिने खोटं बोलायचं ठरवलेलं नसतं. श्रोत्यांनी ज्या जागी मान डोलावली तिथे गोष्ट हळूहळू झुकत गेली, इतकंच. पण तो जुना सहकारी हे ऐकतो, आणि इथे फक्त आकडा चुकत नाही, अर्थवाक्यच मोडतं. माणसाला जाणवलेलं नोंदीत यावं म्हणणाऱ्या कंपनीने त्या माणसालाच नोंदीतून काढलेलं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. दर तीन महिन्यांनी एका माणसाने, शक्यतो संस्थापकाने नव्हे, मागच्या काळातल्या मुलाखती, पोस्ट, डेक आणि वेबसाइट तथ्यपत्रकाशेजारी ठेवून वाचायच्या. फरक दिसला तर तीनच शक्यता असतात. बोलण्यातली चूक असेल तर संस्थापकाला सांगायचं. नवा पुरावा मिळाला असेल तर तथ्यपत्रक बदलायचं. जुना मजकूर कुठेतरी तसाच राहिला असेल तर तो दुरुस्त करायचा. जुना मजकूर सहसा अशा जागी सापडतो जिथे रोज कुणी पाहत नाही: ॲपचं वर्णन, ईमेलखालची सही, संमेलनाच्या आयोजकांना कधीतरी पाठवलेला वक्ता-परिचय.

दोन सहसंस्थापकांच्या आठवणी जुळत नसतील तर?

ज्यावर दोघांचं एकमत आहे तेवढंच कंपनीची गोष्ट म्हणून सांगायचं. बाकीचं ‘मला आठवतं ते असं’ म्हणून ज्याचं त्याने सांगावं. संस्थापक कुणाला म्हणायचं, हा प्रश्न मात्र लवकर आणि लेखी सोडवा. टेस्ला 2003 मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी स्थापन केली आणि इलॉन मस्क 2004 मध्ये गुंतवणूकदार म्हणून आले. सहसंस्थापक कोण, यावरून वाद कोर्टात गेला आणि 2009 च्या तडजोडीत पाच जणांना ते बिरुद लावायची मुभा मिळाली. तरीही ही कंपनी कोणी सुरू केली, यावर लोक आजही वाद घालतात.

आमच्याकडे नाट्यमय प्रसंगच नाही. मग?

मग नाट्य शोधू नका, निर्णय शोधा. एखादं सोपं काम तुम्ही अवघड रीतीने करायचं कधी ठरवलं? पहिल्या वर्षी कोणत्या ग्राहकाला नाही म्हणालात? त्या दिवशी टेबलावर कोणते दोन पर्याय होते आणि कोणता का सोडला, एवढ्यावर गोष्ट उभी राहते.

व्यवसायच बदलला तर जुनी गोष्ट टाकून द्यायची का?

घटना ठेवायची, अर्थ पुन्हा तपासायचा. स्लॅक ज्या चमूने बनवलं तो आधी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होता. गेम 2012 मध्ये बंद झाला, पण काम करताना आपसातल्या संवादासाठी त्यांनी घडवलेलं साधन उरलं आणि तेच पुढे उत्पादन झालं. त्यांना गेम लपवावा लागला नाही. उलट हे साधन आधी स्वतःसाठी बनवलं होतं, हे गेममुळेच पटतं.

धागा खरोखर तुटला असेल, म्हणजे नव्या उत्पादनाशी जुन्या प्रसंगाचा काहीही संबंध उरला नसेल, तर ताणून जोडू नका. जुना प्रसंग संस्थापकाच्या चरित्रात राहू द्या आणि कंपनीची गोष्ट बदलाच्या दिवसापासून सुरू करा.

गोष्ट पोहोचली की नाही, हे कसं मोजायचं?

लाइक आणि व्ह्यूज यांवरून पोस्ट चालली का एवढं कळतं, गोष्ट पोहोचली का ते कळत नाही. पाच-सहा ग्राहकांना आणि नुकत्याच रुजू झालेल्या दोन कर्मचाऱ्यांना विचारा: “ही कंपनी काय करते आणि का, हे एखाद्या मित्राला कसं सांगाल?” त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. आवाजाचा किंवा रजिस्टरचा उल्लेख आपणहून आला तर तपशील टिकला. फक्त ‘सेन्सर बनवतात’ असं आलं तर गोष्ट पोहोचलेली नाही. आणि सगळ्यांनी संस्थापिकेचं कौतुक केलं पण उत्पादन काय करतं ते कुणालाच सांगता आलं नाही, तर गोष्ट तिच्याच भोवती अडकली आहे. अशा वेळी पुढचे काही महिने ग्राहकांचे प्रसंग पुढे आणायचे.

गोष्टीत इतर माणसं येतात. त्यांना विचारावं लागतं का?

हो, आणि छापायच्या आधी. फिटरना पूर्ण मजकूर वाचून दाखवायचा, कुठे कुठे वापरणार ते सांगायचं आणि नाव द्यायचं की नाही हे त्यांना ठरवू द्यायचं. ज्या कारखान्यात हे घडलं त्याचं नाव न घेतलेलंच बरं, कारण त्यांच्या बाजूने तो बिघाडाचा प्रसंग आहे, आणि जुन्या नोकरीच्या करारातली गोपनीयतेची अट अजून लागू असू शकते. फिटर नाव नको म्हणाले तर तथ्यपत्रकात लिहायचं ‘एक ज्येष्ठ फिटर’, आणि मग प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक मुलाखतीत तेच दोन शब्द वापरायचे: ज्येष्ठ फिटर. ‘माझ्या टीममधलं कुणीतरी’ नाही.